कानात घट्ट बसलेला मळ तेलाने मऊ करताना: पाच दिवसांची पद्धत आणि तेल कधी थांबवायचं

कानाला दडे बसले की आपल्याकडे पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो, आणि ती सवय मुळात वाईट नाही. साधं, स्वच्छ तेल थोडं थोडं घातलं तर मळ सुटायला खरंच मदत होते. बिघडतं ते तेल घालायच्या आधी आणि नंतर. कान बंद होण्याचं कारण मळच आहे का, हे न बघता तेल ओतलं जातं, आणि मळ मऊ झाल्यावर तो बाहेर यायची वाट न बघता काडी आत जाते. म्हणून या लेखात तेल घालण्याच्या कृतीइतकीच जागा त्याआधीच्या तपासणीला दिली आहे. इथे सांगितलेली पद्धत मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

मळ घट्ट का होतो

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. त्यातला बाहेरचा एक तृतीयांश भाग कुर्चेचा, म्हणजे लवचीक. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि बारीक केस फक्त याच भागात असतात. आतला भाग हाडाचा असतो, आणि तिथली कातडी फार पातळ, हाडाला चिकटलेली असते. काडीचा नुसता स्पर्श झाला तरी तिथे कळ येते, रक्त येतं, काहींना तर एकदम खोकल्याची उबळ येते. कानाच्या नळीतली कातडी आतून बाहेर हळूहळू सरकत असते आणि बोलताना, जेवताना जबडा हलला की मळही तिच्याबरोबर पुढे येऊन आपोआप गळून पडतो. म्हणजे हाडाच्या भागात मळ खच्चून बसला असेल तर बहुतेक वेळा तो कशाने तरी आत ढकलला गेलेला असतो. कापसाची काडी, हेअरपिन, किल्ली, तासन्‌तास घातलेले इअरफोन, श्रवणयंत्राचा साचा, ही नेहमीची कारणं. वय वाढलं की मळ कोरडा होतो आणि कानातले केस राठ होतात, त्यामुळे काहीही न ढकलता सुद्धा तो अडकतो.

मळात मेलेल्या कातडीचे पापुद्रे आणि तेलकट स्राव असतो. तेल त्याला साखरेसारखं विरघळवत नाही. ते मळ आणि कातडी यांच्या मधे शिरतं, मळाचा कोरडेपणा घालवतं आणि त्याची पकड सैल करतं. हे काम सावकाश होतं. अर्ध्या तासात कान मोकळा होईल या अपेक्षेने जे तेल घालतात, तेच पुढे काडी हातात घेतात.

तेलाच्या आधी: हा मळच आहे का?

मळाने बंद होणारा कान बहुधा हळूहळू बंद होतो. दुसरी खूण म्हणजे, डोक्यावरून आंघोळ केल्यावर किंवा पोहून आल्यावर एकदम दडा बसतो, कारण आधीच नळी भरत आणलेला मळ पाणी शोषून फुगतो आणि उरलेली फट बंद करतो. दुखणं नसतं किंवा नुसतं जड वाटतं. स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा येतो.

एक सोपी घरगुती तपासणी आहे, आणि ती तेल घालण्याआधी प्रत्येकाने करावी. शांत खोलीत बसा, तोंड मिटा आणि घोगऱ्या आवाजात ‘हूंऽऽ’ असा लांब हुंकार द्या. आवाज कोणत्या कानात जास्त घुमतो याकडे लक्ष द्या. नळीत अडथळा असेल तर आवाज बंद वाटणाऱ्या कानातच मोठा येतो. खात्री करायची तर धडधाकट कानात बोट घालून हुंकार द्या. ज्या कानात बोट आहे तिकडे आवाज सरकलेला जाणवेल. मळही तेच करतो.

पण एका कानाचं ऐकू येणं कमी झालं आहे आणि हुंकार मात्र दुसऱ्या, चांगल्या कानात मोठा येतो, तर थांबा. अडथळ्यापेक्षा आतल्या कानाचा किंवा ऐकण्याच्या नसेचा दोष असण्याची शंका इथे येते. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकणं अचानक घटतं, बरोबर कानात शिट्टी किंवा गूं-गूं सुरू होतं, कधी चक्कर येते. बाहेरून हे दडा बसल्यासारखंच वाटतं. यावर स्टिरॉइडची औषधं लवकर सुरू करावी लागतात. पहिले काही दिवस सर्वांत मोलाचे, आणि दोन आठवड्यांनंतर फायद्याची आशा बरीच कमी होते. अशा माणसाने ‘मळ असेल’ म्हणत पाच दिवस तेल घातलं, तर तेलाने अपाय होत नाही, पण गेलेले पाच दिवस परत मिळत नाहीत. आमच्या मते घरगुती तेलाचा सर्वांत मोठा धोका हाच आहे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. सकाळी उठल्यावर एक कान अचानक गेला असेल तर त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जा. हुंकाराची तपासणी एका कानाच्या तक्रारीतच उपयोगी पडते, आणि ती डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. निकाल मळाकडे झुकला तरी बहिरेपणा अचानक आणि जोराचा असेल तर दाखवूनच घ्या.

कोणी घरी तेल घालू नये

मुख्य प्रश्न पडद्याचा आहे. पडदा शाबूत असेल तर तेल बाहेरच्या नळीतच राहतं. पडद्याला भोक असेल तर ते मधल्या कानात जातं आणि तिथे जंतू पोचवतं. लहानपणी कान वाहायचा, कधी कान फुटला होता, कानाचं ऑपरेशन झालं आहे, पडद्यात नळी बसवली आहे, कानशिलात जोरात थप्पड किंवा चेंडू बसल्यापासून कमी ऐकू येतं, यातलं एकही उत्तर ‘हो’ असेल तर घरी तेल नको. चाळीस वर्षांपूर्वी वाहणारा कान आता कोरडा आहे, म्हणून भोक बुजलं असेल असं धरून चालू नका. कोरडं भोक वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं.

मधुमेह असलेल्यांनी, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी आधी कान दाखवावा. त्यांच्या कानाच्या नळीतला साधा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पोचू शकतो. ज्यांचा एकच कान ऐकू येतो, त्यांनी त्या कानावर घरी कोणताही प्रयोग करू नये.

आणि पावसाळ्यातली खाज. ठाणे, नवी मुंबई ही खाडीकाठची गावं. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कानाची नळी कोरडीच होत नाही, आणि कानात बुरशी वाढते. तिचं मुख्य लक्षण खाज. दडा बसतो, पाणी येतं, आत ओल्या कागदाच्या लगद्यासारखा पांढरट किंवा काळपट थर दिसतो. हा मळ नाही. इथे तेल घातलं तर ओलावा आत कोंडून राहतो आणि बुरशीच्या औषधाला उशीर होतो. खाज हीच मोठी तक्रार असेल तर तेलाची बाटली बाजूला ठेवा.

कोणतं तेल, किती

शुद्ध ऑलिव्ह तेल ही सर्वांत सोपी निवड. औषधाच्या दुकानात छोटी बाटली मिळते. स्वयंपाकाचं असेल तर नवीन फोडलेलं घ्या. दुसरा पर्याय बदामाचं तेल, पण बाटलीवरचा मजकूर वाचा. आपल्याकडे ‘बदाम तेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्या केसांसाठीच्या असतात. त्यात सुगंध, रंग आणि दुसरी तेलं मिसळलेली असतात. ते कानात नको, आणि सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्याला शुद्ध बदाम तेलही नको. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिनही चालतं. मात्र ते स्वच्छ, पारदर्शक, नुसतं पॅराफिन असावं. बद्धकोष्ठाच्या पांढऱ्या दुधाळ औषधातही लिक्विड पॅराफिन असतं, पण त्यात इतर द्रव्यं असतात. घाईत नावावरून तीच बाटली उचलली जाते.

खोबरेल तेल घरात असतंच. शुद्ध, बिनवासाचं खोबरेल मोठ्या माणसाच्या निरोगी कानात घातल्याने सहसा अपाय होत नाही, पण ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. एसीच्या खोलीत ठेवलेली बाटली घट्ट झालेली आपण पाहतोच. शिवाय घरातल्या बाटलीत बोटं बुडालेली असतात. म्हणून ते आमची पहिली निवड नाही. मोहरीचं तेल झोंबतं, ते वापरू नका. लसूण घालून कडकडीत केलेलं तेल अजिबात नको. त्याने कानाची नळी भाजते. हायड्रोजन पेरॉक्साईडही घरच्या घरी नको. मळ विरघळवणारे तयार ड्रॉप्स मिळतात, पण त्यांतल्या काहींत टर्पेंटाईन आणि बधिर करणारं औषध असतं. नाजूक कातडीला ते चुरचुरतात, तेव्हा ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्या. कुठलं तरी एक तेल किंवा ड्रॉप्स इतर सगळ्यांपेक्षा सरस आहेत असं तुलनेतून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे महागाच्या मागे लागायचं कारण नाही. सोसणारं, स्वच्छ तेल घ्यावं.

मात्रा: एका वेळी २ ते ३ थेंब, दिवसातून ३ ते ४ वेळा, ३ ते ५ दिवस. कानाची सगळी नळी मिळून जेमतेम एक मिलिलिटर मावते, आणि त्यातली बरीच जागा मळाने व्यापलेली असते. चमचाभर तेल ओतलं तर ते मानेवरून उशीवर जातं, एवढंच. नोकरीमुळे चार वेळा जमत नसेल तर सकाळी आणि झोपताना असं दोनदा घाला. पाच दिवसांच्या वर मात्र स्वतःच्या मनाने वाढवू नका.

प्रत्यक्ष कृती

औषधाच्या दुकानातून नवा ड्रॉपर आणा. गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा; आत पाण्याचा थेंब राहिला तर तो तेलात जातो. दोन-तीन चमचे तेल छोट्या कोरड्या बाटलीत वेगळं काढा, तिच्यावर ‘कान’ अशी चिठ्ठी चिकटवा, आणि पाच दिवसांनी उरलेलं टाकून द्या. घरात दोघांना तक्रार असेल तर ड्रॉपर आणि बाटली दोन.

तेल अंगाच्या तापमानाइतकं कोमट हवं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास. गार किंवा गरम थेंब पडद्याजवळ गेले की आतल्या कानातला तोल सांभाळणारा द्रव हलतो आणि खोली गरगर फिरते. आपल्या हवेत फार ऊब द्यावी लागत नाही. बाटली मुठीत चार-पाच मिनिटं धरली तरी पुरते. एसीत किंवा फ्रिजजवळ ठेवलेली असेल तर आंघोळीच्या पाण्याइतक्या कोमट पाण्याच्या वाटीत दोन-तीन मिनिटं उभी करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तेल तापवू नका. वरून कोमट लागलेलं तेल मधे चटका देण्याइतकं गरम असू शकतं. एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघा. गारही नाही आणि गरमही नाही, असं वाटलं पाहिजे.

उजव्या कानात घालायचं असेल तर डाव्या कुशीवर झोपा. उशीवर जुना टॉवेल टाका. मदतीला दुसरं कोणी असेल तर उत्तम. कानाची नळी सरळ नसते, तिला किंचित वळण असतं, म्हणून कानाची वरची कड धरून हलकेच वर आणि मागे ओढा. त्याने नळी सरळ होते. ड्रॉपरचं टोक कानाला लावू नका, आतही घालू नका. भोकाच्या वर जरा अंतरावर धरा. थेंब मधोमध टाकण्यापेक्षा नळीच्या कडेवर सोडा, म्हणजे ते भिंतीवरून ओघळत जातात आणि आतल्या हवेला बाहेर यायला वाट राहते. मधोमध टाकलेल्या तेलाखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेल मळापर्यंत पोचतच नाही.

आता कान सोडा, आणि भोकाच्या पुढचा तो छोटा उंचवटा बोटाने चार-पाच वेळा हलका दाबून सोडा. तेल आत उतरल्याचा बारीक ‘पुच पुच’ आवाज येईल. हा दाब दुखला तर मळापेक्षा नळीला सूज असण्याची शक्यता जास्त, तेव्हा तिथेच थांबा. न दुखल्यास ५ ते १० मिनिटं तसंच पडून राहा. मग उठून बसा, डोकं उजवीकडे कलतं करा आणि बाहेर येईल तेवढं तेल टिश्यूने टिपा. दुसऱ्याही कानात घालायचं असेल तर आता कूस बदला.

कानात कापसाचा बोळा खोचू नका. आपल्याकडे तेलानंतर बोळा हवाच असं मानतात, पण तो तेल शोषून घेतो, म्हणजे घातलेलं औषध कापूस पितो. त्याचे तंतूही आत राहतात. कपडे खराब होण्याची चिंता असेल तर टिश्यूचा तुकडा बाहेरच्या खळग्यात दहा मिनिटं टेकवून ठेवा. या पाच दिवसांत डोक्यावरून आंघोळ टाळा, किंवा करताना कानाच्या बाहेर हात धरा. पोहणं बंद. इअरफोन बंद. ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज तासभर कानात बोंडं घालून जाणाऱ्याला हे जड जाईल, पण सुटत आलेला मळ तीच परत आत रेटतात.

पाच दिवसांत काय होतं

ऐरोलीत राहणाऱ्या ६७ वर्षांच्या एका काकूंचं उदाहरण समजा. उजव्या कानात श्रवणयंत्र आहे. गेला महिनाभर यंत्र अधूनमधून शिट्टी मारतं. मळ साचला की यंत्राचा आवाज आत न जाता परत फिरतो आणि अशी शिट्टी वाजते. रविवारी केस धुतल्यावर कान पूर्ण बंद झाला. दुखत नाही, खाज नाही, मधुमेह नाही, कान कधी वाहिलेला नाही. मुलगा म्हणतो, “आई, तोंड मिटून हुंकार दे बघू. कुठे घुमतंय?” उजवीकडे. डावा कान ठीक आहे. म्हणजे घरी तेल घालून बघायला हरकत नाही.

यंत्र असल्याने दिवसा चार वेळा तेल घालणं जमणार नाही, कारण तेल यंत्राच्या नळीत आणि स्पीकरमध्ये शिरून ते बंद पाडतं. म्हणून त्यांनी रात्री यंत्र काढल्यावर ३ थेंब घालायचे, आणि सकाळी यंत्र घालायच्या किमान तासभर आधी २ थेंब. यंत्र घालण्यापूर्वी कानाचा बाहेरचा भाग आणि साचा कोरडा पुसायचा.

सोमवारी काहीच फरक नाही. मंगळवारी सकाळी कान जास्तच बंद. बरेच जण इथे घाबरतात किंवा काडी शोधतात. मळ फुगतो, सैल होऊन जरा सरकतो आणि उरलेली फट बुजवतो. दुखत नसेल तर हे अपेक्षितच आहे. बुधवारी उशीच्या टॉवेलवर तपकिरी डाग दिसतात. गुरुवारी टिश्यूवर गडद रंगाचे कण येतात आणि जांभई दिल्यावर कानात ‘टक’ होतं. शुक्रवारी रात्री शेवटचे थेंब. शनिवारपासून तेल बंद, पण कण यायचं थांबत नाही. मळ पुढचे काही दिवस, कधी दोन आठवड्यांपर्यंत, तुकड्या-तुकड्याने येत राहतो. त्या काळात बोटाला ओलसर मऊ कापड गुंडाळून फक्त बाहेरचा खळगा, म्हणजे जेवढं बोट सहज पोचतं तेवढाच भाग, पुसायचा.

पुढच्या बुधवारी काकूंना पुष्कळ बरं वाटतं, पण टीव्हीचा आवाज अजून उजवीकडे मंदच, आणि शिट्टी चालूच. याचा अर्थ मळ सुटला आहे, पण एक गाठ आत शिल्लक आहे. आता तेलाची दुसरी फेरी सुरू न करता तज्ज्ञाकडे जायचं. मऊ झालेला मळ सक्शनने काढायला काही मिनिटं लागतात आणि त्रास कमी होतो, म्हणजे पाच दिवस वाया गेलेले नसतात. डॉक्टरांना कोणतं तेल, किती दिवस आणि शेवटचं कधी घातलं, हे आठवणीने सांगा. पिचकारीने कान धुण्याचा प्रयोग मात्र घरी करू नका. पाण्याचा जोर आणि तापमान दोन्ही हाताबाहेर जाऊ शकतात.

लगेच तेल थांबवा, जर…

घशात तेलाची चव आली. हे किरकोळ वाटतं, पण याचा अर्थ पडद्याला भोक आहे आणि तेल मधल्या कानातून घशाकडे उतरलं. पुन्हा थेंब घालू नका, कान कोरडा ठेवा आणि एक-दोन दिवसांत दाखवा.

कान ठणकायला लागला, चावताना दुखू लागलं, किंवा कानाची पाळी ओढल्यावर कळ येते. पहिल्या थेंबांना हलकी गुदगुली होणं वेगळं. वाढत जाणारं दुखणं म्हणजे नळीला सूज किंवा संसर्ग.

कानातून पाणी, पू किंवा रक्त आलं. तेल तपकिरी होऊन बाहेर येतं, पण त्याला घाण वास नसतो आणि ते चिकट-पिवळं नसतं.

चक्कर आली. थेंब गार असतील तर एक-दोन मिनिटांत ती ओसरते; डोळे एका जागी स्थिर ठेवून पडून राहा. ती टिकली, उलटी झाली किंवा ऐकू येणं आणखी घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

कानामागे लाल, दुखरी सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसतो, ताप आहे, किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते आहे, ओठ वाकडा होतो आहे, डोळा मिटत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. तसंच मधुमेही माणसाचा कान रात्रभर ठणकून झोपू देत नसेल, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी लगेच जा. ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं असल्याने तिथे नाक-कान-घसा विभाग आहे. नवी मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात किंवा नेरूळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करता येते. स्टेशनबाहेर किंवा पदपथावर बसून कान साफ करून देणाऱ्यांकडे जाऊ नका. तीच सळई आणि तोच कापूस अनेकांच्या कानांत फिरतो, आणि आत काय आहे हे बघायला त्यांच्याकडे उजेडही नसतो.

लहान मुलं

तान्ह्या बाळाच्या कानात मालिशीच्या वेळी तेल घालू नका. त्याच्या कानातला मळ आपोआप बाहेर येतो. मालीश करणाऱ्या मावशींना हे आधीच स्पष्ट सांगा, कारण त्या प्रेमाने आणि सवयीने घालतात. पाच वर्षांखालच्या मुलाला दडा बसला असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा; या वयात ऐकू कमी येण्याचं कारण बऱ्याचदा पडद्यामागे साठलेलं पाणी असतं, आणि तेल तिथे पोचतच नाही. मुलाने कानात काही घातल्याची शंका असेल तर कोणताच द्रव घालू नका. खेळण्यातला बटणासारखा गोल सेल ओला झाला की काही तासांत कातडी जाळतो, तेव्हा तसा संशय आला तर थेट रुग्णालय गाठा.

पुन्हा साचू नये म्हणून

ज्यांना वर्षातून दोन-तीनदा मळ काढून घ्यावा लागतो, त्यांनी कान स्वच्छ झाल्यावर आणि पडदा शाबूत असल्याचं डॉक्टरांनी बघितल्यावर आठवड्यातून एकदा झोपताना २ थेंब ऑलिव्ह तेल घालायला हरकत नाही. पावसाळ्यात खाज येत असेल तर तेवढे महिने तेही बंद ठेवा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी दर तीन ते सहा महिन्यांनी कान आतून बघून घ्यावा. शिट्टी वाढली की आवाजाची पातळी कमी-जास्त करत बसण्याआधी मळ तपासावा. बाकीच्यांच्या कानाला रोजच्या साफसफाईची गरज नसते. आंघोळीनंतर टॉवेलच्या टोकाने बाहेरचा खळगा पुसावा, आणि कापसाच्या काड्यांचा डबा बाथरूममधून काढून टाकावा.